अठ्ठावीस सेकंदांचा शुभेच्छा संदेश

आमच्या वाचनालयाची चिटणीस म्हणून दर सणाला सभासदांना व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवायचं काम माझ्याकडे आहे. काम फुटकळ वाटतं ना? मलाही वाटायचं. मग एका सणाला अध्यक्षांचा 1 मिनिट 52 सेकंदांचा संदेश मी ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळी सहज विचारत फिरले. शेवटपर्यंत ऐकलेला एकच माणूस भेटला, तो म्हणजे आमचे खजिनदार. तेही संदेशात वर्गणीचा विषय होता म्हणून.

संदेश वाईट नव्हता. सुरुवात अशी होती: "सन्माननीय सभासद बंधू आणि भगिनींनो, मी आपल्या वाचनालयाचा अध्यक्ष, माझ्या व समस्त कार्यकारिणीच्या वतीने आपणा सर्वांना सहकुटुंब, सहपरिवार..." या वाक्यात क्रियापद येईपर्यंत चौदा सेकंद गेले. पुढे परंपरेचं महत्त्व, वर्षभरातले उपक्रम, कार्यकारिणीची नावं, आणि शेवटी थकीत वर्गणीची आठवण. ज्या संदेशात पैसे मागितलेत तो कुणी आपल्या मावशीला फॉरवर्ड करत नाही. हे एवढं तरी मला आधी सुचायला हवं होतं.

पण खरी अडचण वर्गणीहून खोल होती. व्हॉइस मेसेज पुढे जातो तेव्हा तो उघडाबोडका जातो. फोटोखाली जशी ओळ लिहिता येते तशी इथे लिहिता येत नाही. मिळणाऱ्याला दिसतात फक्त लहरींच्या रेघा आणि किती सेकंद तो आकडा. आपण वर वेगळं टाइप केलेलं "वाचनालयातर्फे शुभेच्छा" हे ज्याने मुद्दाम दोन्ही निवडले त्याच्याबरोबरच पुढे जातं, नाहीतर मागेच राहतं. म्हणजे कोण बोलतंय हे आवाजातच सांगायला हवं आणि तेही पहिल्या पाच सेकंदांत, कारण तेवढ्यात माणूस ठरवतो की ऐकायचं की सोडायचं.

आणि ऐकणारे दोन असतात. एक आपला सभासद, दुसरा त्या सभासदाचा मेहुणा, ज्याने आमचं वाचनालय कधी पाहिलेलं नाही. "सभासद बंधू-भगिनींनो" म्हटलं की मेहुण्याला कळतं, हे आपल्यासाठी नाही, कुणीतरी उष्टं पुढे सरकवलंय. संदेश फॉरवर्ड होण्याजोगा आहे की नाही हे मी आता याच एका गोष्टीवरून ओळखते: मेहुण्याच्या कानाने ऐकायचं. जिथे "हे माझ्याशी नाही बोलत" असं वाटेल ते वाक्य काढायचं.

सगळ्यांना सामावून घेणं म्हणजे सगळ्यांची नावं घेणं असा एक गैरसमज आहे. ज्येष्ठ, महिला, युवक, बालवाचक अशी यादी लावली की जो यादीत नाही त्याला ते बरोब्बर लक्षात येतं. त्यापेक्षा शब्द तपासावेत. "सहकुटुंब सहपरिवार" आपण सवयीने म्हणतो, पण आमच्या सभासदांत कितीतरी जण एकटे राहतात. "आपली थोर परंपरा" म्हटलं की तो सण न करणारा सभासद बाहेर पडतो. ज्यांच्या घरी यंदा सण नाही त्यांना तर "आनंदाची उधळण" नकोशीच होते.

मराठीत एक जास्तीचा सापळा आहे, "आपण"चा. "आम्ही" म्हटलं की ऐकणारा बाहेर, "आपण" म्हटलं की आत, इथवर ठीक. पण "आपण" हा आदरार्थी "तुम्ही"सुद्धा असतो. अध्यक्षांच्या "आपण वाचनसंस्कृती जपली पाहिजे" या वाक्यावर एका आजोबांनी मला विचारलं, "म्हणजे आम्हीच ना? तुम्ही काय करणार?" त्यांचं चुकलं नव्हतं. तेव्हापासून संदेशात साधं "तुम्ही". कागदोपत्री थोडं सलगीचं वाटतं, कानाला मात्र घरचं वाटतं.

मग मी नवा मजकूर लिहिला. वाचनालयाचं आणि सणाचं नाव इथे मोकळं सोडलंय, कारण हाच साचा आम्ही वर्षभर वापरतो:

"नमस्कार! ... वाचनालयाकडून ... च्या मनापासून शुभेच्छा. घर माणसांनी भरलेलं असेल किंवा आज घरात तुमच्याशिवाय कुणी नसेल, सुट्टी असेल किंवा ड्यूटी असेल, यंदा सण असेल किंवा नसेल, हे दोन शब्द तुमच्यासाठीच. वाचणाऱ्या, ऐकणाऱ्या आणि नुसता पेपर चाळायला येणाऱ्या सगळ्यांना आमचा नमस्कार. जवळ असाल तर जरूर या."

पंचेचाळीसेक शब्द, सावकाश बोलून 28 सेकंद. पहिल्या खर्ड्यात "आज तुम्ही एकटे असाल" होतं. आमच्या ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "मी एकटी असते, एकटे नाही." म्हणून ते "घरात तुमच्याशिवाय कुणी नसेल" झालं. एक शब्द वाढला, पण कुणी वगळलं गेलं नाही. "यंदा सण असेल किंवा नसेल" यावर कार्यकारिणीत चर्चा झाली, अशुभ वाटतं म्हणून. मी अडून बसले. त्या एका वाक्यात दुखवट्यातलं घरही येतं आणि तो सण न पाळणारंही, आणि दोघांपैकी कुणाकडे बोट दाखवलं जात नाही.

बोलायचं कुणी? आमच्याकडे ठरलेलं होतं, अध्यक्ष. आता ग्रंथपाल बाई बोलतात, कारण सभासद तो आवाज काउंटरवर रोज ऐकतात. स्वतःचं नाव आणि पद त्या सांगत नाहीत. अध्यक्ष थोडे नाराज झाले, हे लिहायला हरकत नाही, ते फेसबुकवर नाहीत.

रेकॉर्डिंगला काही लागत नाही. पंखा बंद. पडदे आणि कपड्यांचं कपाट असलेली खोली, म्हणजे आवाज घुमत नाही. फोन तोंडापासून वीतभर, समोर नाही तर किंचित बाजूला, नाहीतर "फ" आणि "भ"ला फुस्स फुस्स येतं. बटण दाबल्यावर क्षणभर थांबायचं, नाहीतर "नमस्कार"चा "न" कापला जातो. मागे संगीत नको. व्हॉइस मेसेज बोलण्यासाठी दाबून लहान केलेला असतो आणि लहानशा स्पीकरवर ती सनई मच्छरासारखी वाजते. पाठवण्याआधी एकदा दुप्पट वेगाने ऐकायचं, कारण बरेच जण तसंच ऐकतात. त्या वेगात संस्थेचं नाव कळलं नाही तर पुन्हा बोलायचं.

पाठवण्यात मी एकदा चांगलीच फसले होते. ब्रॉडकास्ट लिस्टवर टाकून निवांत बसले. त्या लिस्टमध्ये 256 जण मावतात हे ठाऊक होतं, पण ज्यांनी वाचनालयाचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही त्यांना तो संदेश जातच नाही, हे दोन दिवसांनी कळलं. शिवाय पाच किंवा जास्त हातांतून गेलेल्या संदेशावर दुहेरी बाण येतो आणि पुढे तो एका वेळी एकालाच पाठवता येतो. म्हणून मी आता कुणाचा फॉरवर्ड पुढे ढकलत नाही. मूळ रेकॉर्डिंग ज्या फोनवर आहे त्यावरूनच प्रत्येक ग्रुपला पाठवते, म्हणजे सभासदांच्या हाती तो शक्य तितका ताजा पोचतो.

वर्गणीची आठवण आता सणानंतर आठवड्याने, वेगळी, लेखी जाते. खजिनदारांची एवढीच तक्रार आहे की ती कुणी फॉरवर्ड करत नाही.