मुक्ताला पाठवलेल्या त्या मेसेजबद्दल

"ऑप्शन विकणं म्हणजे घर भाड्यानं देणं. 90 टक्के ऑप्शन शून्यावर संपतात, म्हणजे विकणारा दहापैकी नऊ वेळा जिंकतो. स्टॉपलॉस लावला की धोका मर्यादित. एखादा आठवडा वाईट गेला तर पुढच्यात भरून निघतो."

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तुझे पैसे गेले तेव्हा मी फारसं बोललो नाही. पण हा मेसेज तू मुक्ताला पाठवलास आणि ती एफडी मोडायला निघाली, तेव्हा गप्प राहणं मला जमलं नाही.

आधी त्या 90 टक्क्यांचं बघू, कारण सगळ्यांना तेच पटतं. बाजारभावापासून लांबच्या स्ट्राइकचे, म्हणजे लांबच्या ठरलेल्या भावाचे, बहुतेक ऑप्शन शून्यावर संपतात, एवढं खरं आहे. ते मी नाकारत नाही. पण तुझाच हिशोब काढ. शुक्रवार, 4 एप्रिल 2025 ला निफ्टी 22,904 वर बंद झाला. त्या दिवशी तू 22,300 चे पुट, म्हणजे निफ्टी त्याखाली गेला तर फरक भरून द्यायची हमी, 30 रुपयांना विकलेस, 75 चा लॉट, पाच लॉट. हातात आले 11,250 रुपये. शनिवार-रविवारी आयातशुल्काच्या बातम्यांनी जगभर घबराट झाली आणि सोमवारी निफ्टी उघडला थेट 21,758 वर. तुझ्या साडेसात लाखांच्या मार्जिनला ते झेपलं नाही. ब्रोकरनं 640 च्या भावानं सौदे कापले. 640 तून तुला मिळालेले 30 वजा केले की 610, गुणिले 375, म्हणजे 2,28,750 रुपयांचा तोटा. वीस आठवड्यांचं 'भाडं' एका सकाळी गेलं.

आता पुढचं नीट वाच. 10 तारखेला महावीर जयंतीची सुट्टी होती म्हणून ऑप्शनची मुदत बुधवारी, 9 एप्रिलला संपली. निफ्टी बंद झाला 22,399 वर. तुझा 22,300 चा पुट शून्यावर संपला! ज्या ऑप्शननं तुला बुडवलं, तो त्या मेसेजच्या हिशोबात 'विकणारा जिंकला' याच रकान्यात बसतो. शेवटी भाव काय झाला एवढंच ती टक्केवारी मोजते. मधल्या तीन दिवसांत विकणाऱ्याला तग धरता आला का, हे त्यात कुठंच येत नाही.

भाड्याचं उदाहरण मला सगळ्यात जास्त खटकतं. मी एकतीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले. भाडेकरूनं भाडं थकवलं तरी घर आपलंच राहतं. तू घेत होतास तो विम्याचा हप्ता होता. पूर आला की दावा भरायचा तुलाच. विमा कंपनी लाखो पॉलिसींवर धोका पसरवते आणि मोठ्या धोक्याचा पुनर्विमा घेते. तुझ्याकडे एकच निर्देशांक, एकच आठवडा आणि पुनर्विमा काहीच नाही. आणखी खालचा एखादा पुट विकत घेऊन ठेवला असतास तर तोटा ठरावीक आकड्यावर थांबला असता. पण त्यासाठी 'भाड्या'तले पैसे मोजावे लागतात, म्हणून मेसेजवाले ते सांगत नाहीत.

स्टॉपलॉस तू लावला होतास, मला माहीत आहे. भाव 60 ला गेला की पुट परत घ्यायची ऑर्डर, पण 65 च्या वर द्यायचं नाही. एनएसईनं सप्टेंबर 2021 पासून ऑप्शनमध्ये मार्केट भावाचा स्टॉपलॉस बंद केला आहे, मर्यादा द्यावीच लागते. सोमवारी भाव 65 वर थांबलाच नाही, उघडतानाच 600 च्या पुढे होता. तुझी ऑर्डर नुसती पडून राहिली. बाजार बंद असताना पडणाऱ्या खड्ड्यापुढे स्टॉपलॉस काही करू शकत नाही.

पुढच्या आठवड्यात भरून निघतं, यावर सेबीचा सप्टेंबर 2024 चा अभ्यास वाच. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनमधल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेल्या, खर्च धरून सरासरी दोन लाखांच्या आसपास. सलग दोन वर्षं तोटा सोसूनही तीन-चतुर्थांशांहून जास्त लोक खेळत राहिले. तूही एप्रिलनंतर थांबला नाहीस. उरलेले पाच लाख 'वसूल' करण्याच्या नादात ऑप्शन विकत घेण्यात घालवलेस. त्यावर मी आणखी लिहीत नाही, तुला सगळं आठवत असेल.

मुक्ताला आजच फोन कर आणि तो 22,300 चा पुट स्वतः समजावून सांग. माझ्यापेक्षा ती तुझं ऐकेल.

शनिवारी सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोट आणि ब्रोकरचा नफा-तोटा अहवाल घेऊन घरी ये. हा तोटा धंद्यातला धरतात, म्हणून ITR-3 भरावा लागेल. पगारातून तो वजा होत नाही, पण त्याच वर्षीच्या एफडीच्या व्याजातून होतो. उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो, मात्र रिटर्न मुदतीत गेलं तरच. यासाठी कुठून कर्ज काढलं असशील तर त्याचेही कागद आण. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. आपण दोघं मिळून सांगू.

तुझे बाबा