सही करणाऱ्याचं काय?

"पोट्ट्याले दहावीनंतर तिकडंच शिकोलं तं काय बिघडते? लोकं लातूरले, कोट्याले पाठोतातच ना. अन् तू तं हाईसच तिथं."

चुलतभावाचा हा निरोप घरच्या ग्रुपवर आला आणि त्यातल्या शेवटच्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. लातूरला पोराला ताप आला तर बाप रात्रीची गाडी पकडून सकाळी त्याच्या खोलीवर हजर होतो. इथे कॅनडात यायचं तर बापाला आधी व्हिसा लागतो. म्हणूनच सतरा वर्षांच्या आतलं मूल आईबापाशिवाय शिकायला येणार असेल, तर कॅनडा सरकार इथला एक कस्टोडियन, म्हणजे पोराची जबाबदारी घेणारा माणूस, मागतं. तो नागरिक किंवा पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी, हवा. कागद दोनच पानांचा आहे. एका पानावर मी इथल्या नोटरीसमोर सही करायची, दुसऱ्यावर भावानं आणि वहिनीनं दारव्ह्याला किंवा यवतमाळला नोटरीसमोर.

गावी ही सही रेशनकार्डावर नाव चढवण्याइतकी सोपी वाटते. पण पोरगा पहिल्या दोन तासांना वर्गात नसला की शाळेच्या ऑफिसातून फोन मला येणार. हात मोडला तर दवाखान्यात मला धावावं लागणार. मी वेअरहाऊसमध्ये शिफ्टला असतो, फोन लॉकरमध्ये असतो. बायको डेंटल ऑफिसात. जानेवारीत ४०१ हायवेवरून अर्ध्या तासाच्या जागी दोन तास लागतात. पैसे घेऊन कस्टोडियन होणाऱ्या कंपन्याही आहेत, पण त्यांचं नाव काढलं तर भाऊ म्हणणार, सख्ख्यासारखा काका असताना परक्याला पैसे कशाला?

नागपूरच्या एजंटनं त्याला सांगितलंय की अकरावी-बारावी दोन वर्षांत होते आणि मग सरळ युनिव्हर्सिटी. ते अर्धं खरं आहे. आमच्या पट्ट्यातलं मराठी माध्यमाचं पोर ओंटारियोच्या शाळेत आलं की आधी त्याचं इंग्रजी तपासतात. इंग्रजी नवीन असलेल्या पोरांसाठी ईएसएल नावाचे पाच पायऱ्यांचे कोर्स असतात, त्यात तो मधल्या, म्हणजे सी पायरीवर बसला असं धरू. तसा तो हुशार आहे. मग सी, डी, ई, त्यानंतर अकरावीचं इंग्रजी आणि शेवटी बारावीचं ENG4U, जे नसेल तर इथली कुठलीच युनिव्हर्सिटी पदवीसाठी घेत नाही. एकापुढे एक असे पाच कोर्स झाले आणि दोन वर्षांत सेमिस्टर मिळतात चार. एखादी शाळा एका सेमिस्टरमध्ये दोन इंग्रजी देते, एखादी देत नाही. गणितात त्याला नव्वद पडतील हो, पण इंग्रजीच्या या साखळीत तो अडकला की दोनाची अडीच-तीन वर्षं होतात. सोबत वाचन-लेखनाची परीक्षा आणि चाळीस तासांची समाजसेवा असते, पण ती अडचण नाही. गणपतीत मंडप बांधणाऱ्या पोराला चाळीस तास कितीसे!

वाढलेल्या वर्षाचे पैसे बघा. सरकारी शाळेतच परदेशी विद्यार्थ्याची फी 16,000-17,000 डॉलर, महिन्याला हजार-बाराशेचं होमस्टे, वर विमा, बूट-जॅकेट, विमान. 30,000 डॉलर गेलेच, म्हणजे अठरा-एकोणीस लाख. खऱ्या बोर्डिंग स्कूलचं नावच नको, तिथे आकडा 70,000 च्या पुढे जातो. भावाकडे सहा एकर आहे. एकरी सात क्विंटल सोयाबीन आणि साडेचार हजारांचा भाव धरला, तर खर्च न वजा करता दहा वर्षांचं पीक एका शालेय वर्षात संपतं. शैक्षणिक कर्जाच्या बहुतेक योजना बारावीनंतर सुरू होतात. सरकारी परदेशी शिष्यवृत्ती मिळते असं तो म्हणतो. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ती योजना पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे. आणि "पोट्टा पार्टटाइम करन" हे तर विसराच. कॅम्पसबाहेर काम करायची ती मुभा कॉलेजवाल्यांना असते, हायस्कूलच्या पोराला नाही.

वहिनीनं फोनवर एकच विचारलं, "तिथं डब्यात पोळी मिळते का?" मी बेसमेंटमधल्या पंजाबी बाईचं सांगितलं, ती पराठे देते. वहिनीचं समाधान झालं. तिच्या दृष्टीनं पालकत्व तिथेच मिटलं.

आमच्या रस्त्यावर एक बाई राहते, इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या बोर्डाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात काम करते. तिनं विचारलं, पोरगा अठराचा कधी होतो? मी म्हटलं, नोव्हेंबर 2028. ती म्हणाली, तिसरं वर्ष लागलं तर त्या नोव्हेंबरपासून तो स्वतःची गैरहजेरी स्वतः सही करून देईल. त्यानं परवानगी दिल्याशिवाय शाळा त्याचे मार्क त्याच्या बापाला सांगणार नाही, तुम्हालाही नाही. सगळ्यात जास्त पैसे लागतात त्या वर्षी घरातलं कुणीही आत डोकावू शकत नाही. ते ऐकून मी कॉफी तशीच टेबलावर ठेवली. हे माझ्या दोन पानांवर कुठेच लिहिलेलं नाही.

निवृत्त हेडमास्तर काकांनी ग्रुपवर पंजाबराव देशमुखांचा दाखला दिला. पापळसारख्या गावातून भाऊसाहेब विलायतेला गेले नव्हते का? गेले, काका. पण फर्ग्युसनमध्ये शिकून, विशी ओलांडून गेले. मी स्वतः नागपुरात डिग्री करून आलो तरी पहिल्या हिवाळ्यात रडलो होतो, आणि मला तर नोकरी होती. काकांनी यावर अंगठा पाठवला. तो होकार की नकार, कळलं नाही.

भाऊ मात्र एका गोष्टीवर थबकला. त्याला पोराला डॉक्टर करायचंय. महाराष्ट्राच्या कोट्यातून एमबीबीएसला जायचं तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. बारावी इथे केली की तो दरवाजा बंद. इंजिनिअरिंगला डोमिसाइलवर काही वाट निघते, मेडिकलला नाही. इथे डॉक्टर व्हायचं तर आधी पदवीची वर्षं, तीही परदेशी विद्यार्थ्याच्या फीनं, आणि परदेशी विद्यार्थ्यांना मेडिकलच्या जागा जवळजवळ नाहीतच. एजंटनं यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

आता खरं सांगतो, कारण ग्रुपवर हे लिहिता आलं नसतं. पैसा, ईएसएल, कोटा, ही सगळी कारणं पक्की आहेत. पण मला त्याचा हेवाही वाटतो. सोळाव्या वर्षी आलेला पोरगा दोन हिवाळ्यांत इथल्यासारखा बोलायला लागेल, हॉकीवर वाद घालेल, आणि मी अजून टिम हॉर्टन्सच्या रांगेत डबल-डबल कॉफी मागताना मनात एकदा उजळणी करतो. गावात मी 'कॅनडावाला', इथे मी कुठूनतरी आलेला. तो आला तर घरातला कॅनडावाला तो होईल, मग मी कोण? तोंडानं मात्र मी त्याच्या वयाची काळजी सांगतो. ती काळजीही खोटी नाही, हीच पंचाईत आहे.

शेवटी मी पोराशीच बोललो. त्यानं शाळेचं नाव विचारलं नाही, बर्फाचं विचारलं नाही. हळूच म्हणाला, "काका, तिथं अकरावीत बायो सोडता येते का?"

येते. हे त्याच्या बापाला मी अजून सांगितलेलं नाही. त्याला मात्र म्हटलं, बोर्डाच्या ऑफिसला ईमेल तू स्वतः लिही, इंग्रजीत, माझ्याकडून तपासून न घेता, आणि कुठले विषय घेणार ते त्यांना विचार. उत्तर आलं तर मला दाखव. माझं पान मी तोवर भरणार नाही. इकडे भावानं यवतमाळच्या नोटरीला फोन करून ठेवलाय म्हणे.