पापडावरचे काळे डाग ही भाजण्याची चव नव्हे

«पापड नेहमी भाजूनच खा. गॅस मोठा करायचा, पापड ज्वाळेवर धरायचा, एक बाजू पूर्ण झाली की उलटायचा, मिनिटभरात तयार. काळे डाग येणारच, तीच भाजल्याची खरी चव. तळायचाच असेल तर मंद आचेवर अर्धा मिनिट तळा, म्हणजे करपत नाही. पण तळलेल्यात तेलच तेल, भाजलेल्यात शून्य.»

हा मजकूर सध्या नागपुरात ज्याच्या त्याच्या फोनवर येतोय, आणि खाली अंगठ्यांची रांग. यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. त्याच्याकडे शेवटी येतो. आधी मोठ्या गॅसचं बघू, कारण सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

घरातला नेहमीचा उडदाचा पापड घेऊ, सात इंची. वरून कोरडा ठक्क दिसत असला तरी त्यात वजनाच्या साधारण 12 ते 15 टक्के पाणी असतं. आच लागली की त्या पाण्याची वाफ होते, मऊ झालेलं पीठ ती आतून फुगवते, बारीक बारीक फोड येतात आणि वाफ निघून गेली की ते तसेच कडक होतात. पापड उमलतो म्हणजे एवढंच होतं. जोवर त्या जागी पाणी आहे तोवर पीठ फारसं तापत नाही, कारण उष्णता वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपलं की तीच जागा झपाट्यानं तापते आणि लाल व्हायला लागते. त्यात पापडखार. खारामुळे पीठ अल्कधर्मी होतं आणि अल्कधर्मी पीठ लवकर लाल होतं. त्यामुळे उमललेला पापड आणि करपलेला पापड यांच्यात एखाद-दोन सेकंदांचंच अंतर उरतं. मोठ्या ज्वाळेत न हलवता मिनिटभर धरलात तर ते अंतर कधी ओलांडलं हे कळतसुद्धा नाही.

दुसरं म्हणजे बर्नरची रचना. ज्वाळा गोल रिंगणात येतात, मधोमध आच कमी असते. पापड एका जागी धरला की त्यावर त्या रिंगणाचा ठसा उमटतो: मधे पिवळट कच्चा डोळा, भोवती काळं कडं आणि बाहेरचा काठ पुन्हा कच्चा. असा पापड बघितला की भाजणाऱ्याचा हात हललाच नाही हे लगेच ओळखू येतं. शिवाय जे फोड येतात त्यांचं वरचं पापुद्रं सगळ्यात पातळ, आणि तेच ज्वाळेच्या सगळ्यात जवळ. ते पहिल्यांदा जळणारच.

म्हणून गॅस मध्यम ठेवायचा आणि पापड ज्वाळेच्या टोकापासून दोन बोटं वर धरायचा. भाजण्याआधी पापड हलक्या हातानं झटकून त्याची पिठी उडवून टाकावी. लाटताना लावलेलं सुटं पीठ पापडाच्या आधी जळतं, आणि बारीक काळे ठिपके बहुतेक वेळा त्याचेच असतात. मग चिमट्यानं काठाला धरून एका बाजूनं दोन सेकंद, लगेच उलटून दुसऱ्या बाजूनं दोन सेकंद, नुसता शेकून घ्यायचा. ही पायरी लोक गाळतात. एकाच बाजूला आच लागली की ती बाजू आधी सुकते, पापड वळतो, आणि वर आलेला काठ थेट ज्वाळेत शिरतो. दोन्ही बाजू कोमट झाल्या की तो बराच सपाट राहतो.

आता काठ फिरवत फिरवत भाजायचे आणि मग मधला भाग. दर सेकंद-दोन सेकंदांनी उलटायचा, हात सतत फिरता ठेवायचा. नजर रंगावर हवी. कच्चा पापड पिवळसर आणि काचेसारखा किंचित आरपार दिसतो. भाजला की ती जागा पांढरट, अपारदर्शक आणि खरबरीत होते, आणि ही पांढरी लाट पापडावरून सरकताना स्पष्ट दिसते. जिथे ती पोहोचली तिथून आच पुढे न्यायची. मागे थांबलात की डाग पडलाच. शेवटी चिमट्याखाली दबलेली अर्धचंद्राएवढी जागा कच्ची राहते. पकड बदलून तिला दोन सेकंद दाखवले की झालं. सगळं मिळून 15 ते 20 सेकंद. जाळीवर ठेवून भाजलात तर 25 ते 30, कारण जाळी आधी स्वतः तापते. भाजलेला पापड ताटात ठेवून लगेच हातानं हलकेच दाबला तर सपाट राहतो. पाचेक सेकंदांत तो कडक होतो, मग दाबला तर मोडतो.

डागांच्या चवीबद्दल. पापडाची खमंग चव फिकट तपकिरी ठिपक्यांत असते. काळा डाग हा कोळसा, तो कडूच लागणार. चुलीच्या निखाऱ्यावर भाजलेल्या पापडाची आठवण काढून लोक डागांची बाजू घेतात, पण चांगल्या निखाऱ्यावर ज्वाळाच नसते. सगळीकडून सारखी धग लागते, म्हणून तो पापड उलट कमी डागाळतो. काळेपणाचा आणखी एक प्रकार आहे आणि त्याचा पापडाशी काही संबंध नाही. डागावरून कोरडं बोट फिरवा. बोट काळं झालं तर ती काजळी. ज्वाळा निळीऐवजी पिवळी जळतेय, म्हणजे बर्नरची भोकं उतू गेलेल्या दुधानं किंवा वरणानं बुजलीत. बर्नर साफ करा, पापडाला दोष देऊ नका.

तळण्याचा सल्ला तर पूर्ण उलटा आहे. मंद आचेच्या तेलात पापड टाकला की तो बुडाशी बसतो, पाण्याची वाफ जोरात होत नाही, फोड येत नाहीत, आणि अर्ध्या मिनिटात चामट, तेलकट, तांबूस चकती हाती येते. तेल 180 ते 190 अंशांच्या आसपास हवं. घरात थर्मामीटर कुणाकडे असतो? पापडाचा नखाएवढा तुकडा टाका. सेकंदाभरात वर येऊन फुलला तर तेल तयार. दोन-तीन सेकंद खाली बसून राहिला तर थांबा. टाकताक्षणी लाल झाला, किंवा तेलातून धूर निघत असेल, तर गॅस बंद करून तेल थोडं निवू द्या.

तयार तेलात सात इंची उडदाच्या पापडाला तीन ते चार सेकंद पुरतात, लहानाला दोन. मोठ्या पापडाला झाऱ्यानं क्षणभर तेलाखाली दाबायचं, उलटायचं, काढायचं. हवा त्यापेक्षा एक छटा फिकट असतानाच बाहेर काढा, कारण अंगच्या उष्णतेनं रंग बाहेर आल्यावरही चढतो. चार-पाच पापडांनंतर तळाशी जळकी पिठी आणि मिऱ्याचे कण साचतात आणि पुढच्या पापडांना चिकटतात. तळलेल्या पापडावरचे काळे ठिपके बहुधा हेच. पंगतीसाठी तळत असाल तर मधेच तेल गाळून घ्या.

तेल किती पितो हे पापड कढईतून बाहेर कसा येतो यावरही ठरतं. कढईत असताना आतली वाफ जोरात बाहेर पडत असते, त्यामुळे तेलाला आत शिरायला फारशी वाट नसते. बाहेर काढल्यावर पापड निवतो, वाफ आकसते, आणि वर राहिलेलं तेल तेव्हा आत ओढलं जातं. म्हणून काढलेला पापड कढईवरच दोन-तीन सेकंद उभा धरून निथळायचा आणि मग चाळणीत उभाच ठेवायचा. आडवे, एकावर एक रचलेले पापड एकमेकांचं तेल पीत बसतात.

हे सेकंद कोरड्या, ताज्या पापडाचे. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो. तेव्हा उघडा राहिलेला पापड इतका सुकतो की वाफ करायला पाणीच उरत नाही. तो फुलत नाही, थेट लाल होतो आणि डब्यातच तडकतो. असा पापड कूलरच्या खोलीत थोडा वेळ मोकळा ठेवला की त्याला जरा दमटपणा येतो आणि तो पुन्हा नीट उमलतो. त्याच खोलीत तयार पापड मात्र ठेवू नका, जेवण होईपर्यंत सादळेल. श्रावणात उलटी तऱ्हा. सादळलेल्या पापडावर मोठे वेडेवाकडे फोड येतात, एकीकडे जळतं आणि शेजारी कच्चं राहतं. ऊन नसेल तर चपात्या झाल्यावर गॅस बंद करून गरम तव्यापासून वीतभर लांब पाच-दहा मिनिटं ठेवा, मग भाजा. आणि साबुदाण्याचे पापड, कुरडया यांना ज्वाळेच्या वाटेला नेऊच नका. त्यांना फुलायला चहूबाजूंनी एकदम आच लागते, ती तेलातच मिळते.

आता ते अर्धं खरं वाक्य. भाजताना आपण वरून तेल घालत नाही, हे बरोबर. तळलेल्यात किती जातं ते घरच्या वजनकाट्यावर काढता येतं, फक्त सरळ वजाबाकी केली तर उत्तर चुकतं. समजा कच्चा पापड 13 ग्रॅमचा आणि तळून निथळल्यावर 15 ग्रॅमचा भरला. तेल दोन ग्रॅम नव्हे, कारण दरम्यान पाणी उडून गेलं. तसाच दुसरा 13 ग्रॅमचा पापड भाजून तोला. तो साडेअकरा भरला, तर तळलेल्यातलं तेल 15 वजा साडेअकरा, म्हणजे साडेतीन ग्रॅम. तेलाच्या ग्रॅमला 9 कॅलरी धरल्या तर तीसेक कॅलरी जास्त. फरक आहे, पण ‘तेलच तेल’ म्हणण्याइतका नाही. रक्तदाबवाल्यांसाठी तर मिठाचा आणि खाराचा हिशोब मोठा, आणि तो भाजलात काय, तळलात काय, तेवढाच राहतो.

शिवाय आपल्याकडे भाजलेला पापड कोरडा खातो कोण? हातानं चुरायचा, त्यावर बारीक कांदा, तिखट, आणि वरून चमचाभर कच्चं तेल. तो एक चमचा साडेचार ग्रॅमचा.