नाशिकला बसून? – एका प्रतिक्रियेला उत्तर

एक डोंबिवलीकर: नाशिकला बसून लोकलच्या गर्दीवर लिहिणं सोपं आहे हो. ज्याला रोज सकाळची फास्ट पकडायची असते त्याला अ‍ॅप सुचत नाही, त्याला फक्त उतरायचं असतं. डब्यात हात वर करायला जागा नसते आणि तुम्ही वैताग टिपून ठेवायला सांगता! स्टेशन आलं की उठवणारं अ‍ॅप ही काय नवीन आयडिया? ढीगभर आहेत. त्यापेक्षा गाड्या वाढवा म्हणावं.

---

डोंबिवलीकर,

लोकलच्या गर्दीतल्या वैतागातून अ‍ॅपची कल्पना कशी शोधावी, यावर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया परवा वाचली. रागाच्या भरात उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून दोन दिवस थांबलो.

आधी जे मान्य आहे ते. "वैताग आला की तिथल्या तिथे टिपून ठेवा" असं मी लेखात लिहिलं, ते चुकलं. मी स्वतःही डब्यात कधी टिपलं नाही. विक्रोळीला उतरलो की गर्दी पुलावर चढून जाईपर्यंत प्लॅटफॉर्मच्या टोकाला थांबायचो आणि तिथे चार ओळी लिहायचो. लेखातलं ते वाक्य आज बदलतो.

आता "नाशिकला बसून". हे दोन शब्द तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला ते लागले. आमच्याकडे लोकल नाही हे मला माहीत आहे. नाशिकरोड स्टेशनवर लोकल येत नाही म्हणून नाशिककर लोकलने जात नाही, असं तुम्हाला वाटतं का? मुंबईला जाणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसच्या पासधारकांच्या डब्यात एकदा चढून बघा. निम्मा डबा कल्याण, ठाणे, दादरला उतरून पुढे लोकलच पकडतो. ज्यांची पंचवटी चुकते ते मुंबई नाक्यावरून शेअर गाडीने घाट उतरून कसारा गाठतात आणि तिथून लोकलमध्ये उभे राहतात. कसाऱ्याच्या लोकलमध्ये सकाळी कोण-कोण असतं, हे डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवरून दिसत नाही. गाडी तुमच्याकडे येते तेव्हा ती आधीच भरलेली असते, आणि भरणाऱ्यांत आम्हीही असतो.

माझं सांगतो. 2011 ते 2013 मी ठाणे आणि डोंबिवलीच्या मधल्या दिव्यात भाड्याने राहिलो. सकाळी अप गाडीत पाय ठेवता येत नाही म्हणून आधी डाउन गाडीने उलटं कल्याणला जायचं आणि तीच गाडी परत निघाली की त्यात बसून यायचं, हे मी रोज केलंय. कोणती डाउन गाडी कल्याणहून परत फिरते आणि कोणती पुढे निघून जाते, हे मला पाठ होतं. 2014 मध्ये घरच्या कारणाने नाशिकला परतलो आणि 2019 पर्यंत पंचवटीचा पास काढला: नाशिकरोड ते ठाणे, पुढे स्लो लोकलने विक्रोळी. सात वर्षं झाली ही. तुमची कदाचित पंधरा असतील, मी मोजायला बसणार नाही. पण "बसून" हा शब्द मला लावू नका. त्या सात वर्षांत बसायला कधी मिळालं, ते मला बोटांवर सांगता येईल.

राहिलं "अ‍ॅप सुचत नाही, फक्त उतरायचं असतं". तुमच्या प्रतिक्रियेतलं खरं वाक्य हेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो. उतरायचंच असतं, आणि त्याच उतरण्यातून मला अ‍ॅप सुचलं.

पहाटे साडेपाचला घर सोडलेला माणूस पंचवटीत झोपतो. मीही झोपायचो. एकदा ठाणं गेलं आणि डोळे उघडले ते थेट दादरला, कारण मध्ये गाडी थांबत नाही. तिथून उलटी लोकल पकडून विक्रोळी. तास गेला आणि अर्ध्या दिवसाची रजा लागली. घरी आल्यावर सगळ्यांना सुचेल तेच मला सुचलं: ठाणं जवळ आलं की वाजणारा गजर. 2018 मध्ये एका रविवारी बसून तो लिहिला. नकाशावर ठाणे स्टेशनभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढायचं आणि फोन वर्तुळात शिरला की वाजवायचं. टेबलावर सगळं नीट चाललं. गाडीत पहिल्या दिवशी गजर वाजला तो ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर, दुसऱ्या दिवशी गाडी सुटल्यावर.

कारण साधं होतं, पण मला ते घरी बसून दिसलं नव्हतं. स्क्रीन बंद असताना आणि फोन बॅगेत असताना अँड्रॉइड अ‍ॅपला सतत जागा सांगत नाही. बॅटरी वाचावी म्हणून आठव्या आवृत्तीपासून हे आणखी कडक झालं. वर्तुळात शिरल्याची खबर सरासरी दोन-तीन मिनिटं उशिरा येते. गाडी ताशी 60 किलोमीटरने धावत असली तर मिनिटाला एक किलोमीटर जातो. म्हणजे वर्तुळाच्या कडेपासून स्टेशन गाठायला एक मिनिट आणि खबर यायला तीन.

त्यात पारसिकचा बोगदा. मेल-एक्स्प्रेस गाड्या दिव्यानंतर त्यातून जातात. 1916 चा हा बोगदा सुमारे 1.3 किलोमीटर लांब आहे आणि आत जीपीएस मिळत नाही. बाहेर पडलात की कळवा, खाडीचा पूल आणि ठाणं. फोनला आपण कुठे आहोत हे नीट कळायला हवं, नेमकं तेव्हाच तो आंधळा झालेला असतो.

मी वर्तुळ दोन किलोमीटरचं केलं, मग तीनचं. कधी वेळेवर वाजायचं, कधी नाही. तीन आठवडे यात घालवले आणि उत्तर मिळालं ते डब्यात. आमच्याकडे एक काका होते, वीसेक वर्षांचे पासधारक. त्यांना सगळे सांगून झोपायचे, "काका, ठाण्याला उठवा." मी एक आठवडा मुद्दाम जागा राहून त्यांच्याकडे पाहिलं. काका ठाण्याला कुणालाच उठवत नसत. दिवा गेलं की पहिला हात खांद्यावर पडायचा. बोगद्यात गाडीचा आवाज बदलायचा तोवर उठलेले लोक बॅगा काढून दाराकडे सरकलेले असायचे. एकदा मी विचारलं, इतक्या लवकर का? ते म्हणाले, "अरे, उठणं वेगळं आणि दारापर्यंत पोचणं वेगळं. खाडीवर उठवला तर तो दादरलाच उतरेल."

माझा सगळा हिशेब तिथे बदलला. मी स्टेशन कधी येणार हे मोजत होतो. मोजायला हवं होतं गर्दीतून दारापर्यंत जायला लागणारा वेळ, त्यात जाग येऊन भानावर यायचा वेळ आणि वर फोनचा उशीर. ठाण्याभोवतीचं वर्तुळ काढून टाकलं आणि गजर दिव्याला बांधला, बोगद्याच्या अलीकडे. तिथून ठाणं आठ-नऊ किलोमीटर, म्हणजे खबर तीन मिनिटं उशिरा आली तरी हातात वेळ उरतो. नाशिकरोडपासून जीपीएस चालू ठेवलं तर बॅटरी जाते, म्हणून दोन टप्पे केले. कल्याणभोवती पाच किलोमीटरचं मोठं वर्तुळ, तिथे उशीर झाला तरी चालतो. ते लागलं की पुढे दर 20 सेकंदांनी जागा तपासायची, आणि "गजर चालू आहे" ही सूचना वर दिसत ठेवायची. ती नसेल तर फोन अ‍ॅपला गुपचूप बंद करतो आणि माणूस भरवशावर झोपून राहतो. आवाजही काढून टाकला. अख्ख्या डब्याची झोप मोडली की लोक चिडतात, आणि ते बरोबर आहे. फोन शर्टाच्या खिशात ठेवायचा, तो थरथरतो.

"ढीगभर आहेत" म्हणता. असतील. "ठाण्याच्या अलीकडे इतके किलोमीटर" असा एकच आकडा विचारणारं अ‍ॅप आणि काकांच्या हातासारखं दिव्याला उठवणारं अ‍ॅप यांत फरक आहे, आणि तो यादीत नावं बघून कळत नाही. डब्यातल्या वैतागावर लोकांनी आधीच काय तोडगा काढलाय ते बघा, हे मी लेखात लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलंत की नाही, शंका आहे.

प्रत्येक वैतागातून अ‍ॅप निघतं असंही मी कुठे म्हटलेलं नाही. "कुठे उतरणार?" विचारून बसलेल्याची जागा धरून ठेवायची, हा लोकलमधला रोजचा व्यवहार तुम्हालाही माहीत असेल. त्यावरही मी अ‍ॅप करायला घेतलं होतं. चार दिवसांत सोडलं. ते चालायला बसलेला आणि उभा, दोघांच्या फोनमध्ये तेच अ‍ॅप हवं, तेही त्याच गाडीत, त्याच डब्यात, त्याच बाकापाशी. तोंडाने विचारलं की दोन सेकंदांत काम होतं. इथे लोकांचा तोडगा अ‍ॅपपेक्षा चांगला आहे, म्हणून विषय संपला.

गाड्या वाढायला हव्यात, याला कोण नाही म्हणतंय? तो त्या लेखाचा विषय नव्हता.

आणि एक. टीका जरूर करा, पण मी डबा पाहिलाच नाही असं धरून बोलू नका. तुम्ही नाव न सांगता लिहिता, मी माझ्या नावाने लिहितो. तेवढा मान ठेवायला हरकत नसावी.

तरी तुम्हाला एक खरंच विचारायचंय. संध्याकाळच्या डाउन फास्टमध्ये डोंबिवलीसाठी उठवायचं कुठे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कोपर अगदी उशिरा होतं, गाडी कोपरला असताना डोंबिवली दीड-दोन मिनिटांवर असतं. मुंब्रा कदाचित फार लवकर. दिवा म्हणावं तर ज्या गाड्या तिथे थांबतात त्यांत नेमकी तेव्हाच दारात चढणाऱ्यांची झुंबड असते. तुमच्या गाडीत डोंबिवलीवाले दाराकडे कुठून सरकायला लागतात? आठवडाभर बघा आणि इथेच लिहा. गाडी स्लो की फास्ट, आणि दिव्याला थांबते की नाही, तेही लिहा.