मिठाच्या पाण्यानं उन्हातला रंग टिकत नाही

“नवा पडदा रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवा, उन्हात रंग कधीच उडत नाही. गडद, जाड सुती कापड घ्या. अस्तर म्हणजे शिंप्याची कमाई. सोलापूरच्या कापडाचा रंग पक्काच असतो.”

हा मेसेज जुळे सोलापुरातल्या माझ्या मावशीनं प्रमाण मानला. पश्चिमेच्या खिडकीला मरून पडदे लावले. दोन उन्हाळ्यांत चुण्यांचे पुढे आलेले कड गुलाबी पडले. मी खालची दुमड उसवली, तर आत मूळचा मरून तसाच. त्याच मिठाच्या पाण्यात दुमडही भिजली होती, धुणंही तेच. फरक फक्त उन्हाचा. आता सांगा, मिठानं काय केलं?

मीठ रंगाऱ्याच्या हौदात लागतं. पाण्यातला रंग सुताकडे जावा म्हणून. ते काम रंगवतानाच संपतं. घरच्या बादलीत मीठ टाकून रंग बसत नाही. आणि धुताना रंग सुटणं वेगळं, उन्हानं उडणं वेगळं. ऊन रंगाचा कणच मोडतं, काचेतूनसुद्धा.

यासाठी रीतसर चाचणी आहे, भारतीय मानक आयएस २४५४. झेनॉन दिव्याखाली कापड आणि निळ्या लोकरीच्या पट्ट्या शेजारी ठेवून बघतात आणि १ ते ८ अंक देतात. ८ सगळ्यांत टिकाऊ. एक अंक वाढला की रंग साधारण दुप्पट वेळ तग धरतो, म्हणजे ४ आणि ६ मध्ये चौपटीचा फरक. पश्चिमेच्या खिडकीला ६ च्या खाली जाऊ नका. सूत काढतानाच रंग मिसळलेलं पॉलिस्टर इथं सुतीपेक्षा बरं.

गडद रंग उडाला की जास्त डोळ्यांत येतो. जाडीचा उपयोग नाही, रंग वरूनच उडतो.

सोलापूरचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. आपल्या चादरी वर्षानुवर्षं धुऊन टिकतात. पण तो धुण्यातला पक्केपणा. लेबलावरचा ‘पक्का रंग’ही बहुतेकदा तेवढ्यापुरताच असतो.

अस्तराबद्दलचं वाक्य सगळ्यांत नुकसानीचं. पांढरं किंवा क्रीम अस्तर काचेकडे लावलं की ऊन आधी तेच खातं. खालून मोकळं सोडा, पडद्यापेक्षा इंचभर आखूड ठेवा. विरलं की तेवढंच बदलायचं. रोलर ब्लाइंडला अस्तर लावता येत नाही, म्हणून मागून पांढरा लेप असलेलं कापड बघा.

दुकानदाराला उन्हाचा अंक विचारा. “गॅरंटी आहे” एवढंच म्हणाला तर पुढचं दुकान. बिलावर कापडाचा कोड आणि लॉट लिहून घ्या, सगळं कापड एकाच लॉटचं घ्या. त्याआधी हातभर तुकडा मागा, अर्ध्यावर पुठ्ठा लावून त्याच काचेला महिनाभर चिकटवा.

मावशीच्या काचेवर सध्या असे तीन तुकडे आहेत. पुठ्ठा मेअखेर काढायचा, मगच कापड घ्यायचं.