काळी माती आणि तीन बटणे

आमच्या घरी कपडे धुण्याचे यंत्र आल्यापासून बाबांचे ठाम मत आहे की बटण एकच असावे आणि ते दाबल्यावर धोतर पांढरे बाहेर यावे. पावसाळ्यात डवरणीहून परतलेले धोतर ज्याने पाहिले आहे, त्याला ही अपेक्षा किती भाबडी आहे ते कळेल. कपाशीच्या वावरातली काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते; वाळली की आकसून तडकते. म्हणून ओले धोतर थेट यंत्रात टाकण्यास मी मनाई केली असून ते आधी दोरीवर कडक वाळवावे आणि अंगणात झटकावे, असा नियम केला आहे. "म्हणजे धुवाच्या आंधी वाळवाचं? मंग मशीन कायले आनली?" हा बाबांचा प्रश्न दर खेपेला येतो.

झटकून उरलेली माती धाग्यांत रुतलेली असते, आणि तिच्यासाठी भिजवणीचे बटण आहे; उरलेली दोन बटणे जादा खंगाळणीचे आणि पिळणीच्या वेगाचे. आमच्या यंत्राच्या पावडरीच्या खणात एक आणि दोन असे कप्पे आहेत. पहिल्यात भिजवणीची चिमूटभर पावडर आणि दुसऱ्यात मुख्य धुण्याची पावडर घालावी लागते. दुसऱ्या कप्प्यात पातळ साबण ओतला, तर त्याला अडवणारी पडदी नसल्यास तो भिजवणीतच निथळून गटारात जातो आणि खरी धुलाई नुसत्या पाण्यावर होते. भिजवणीचे पाणी थंडच ठेवावे, कारण त्या धोतरावर काट्याने ओरखडलेल्या पायाचे रक्तही असते आणि गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. यंत्र निम्मेच भरावे; ठासून भरलेल्या कपड्यांना माती सोडायला जागाच मिळत नाही.

जादा खंगाळणी हवी की नको, हे काचेतून पाहून ठरवता येते. शेवटच्या पाण्यातही गढूळपणा असेल, तर ती घ्यावीच; नाहीतर पिळताना पाणी निघून जाते, कापड गाळणीसारखे बारीक माती धरून ठेवते आणि वाळल्यावर धोतराला राखाडी झाक येते. या धोतरांना मी पिळणीचा वेग मिनिटाला १००० फेरे ठेवतो, कारण श्रावणातल्या दमट हवेत जाड सुती कापड दोन दिवस वाळत नाही.

पेच होतो तो आईच्या टेरिकॉटच्या पातळांचा. ती केवळ घामेजलेली असतात, म्हणून त्यांना भिजवणी नको, जादा खंगाळणी नको आणि वेग ६०० पुरे; १००० वर पिळली की त्यांच्यावर अशा चुण्या बसतात की इस्त्रीही हात टेकते. पण "दोघाईचे कपडे आलग आलग काहून धुतं? लाइट जाऊन रायली," असे म्हणत आई स्वतःच आपले पातळ बाबांच्या धोतरांत कोंबते. मग मी दार उघडून ते बाहेर काढतो, आणि बाबा तेवढ्यात उरलेली सगळी बटणे दाबून ठेवतात.