ठेलेवाल्याला मारून कथा कशी संपवावी

गावाहून नागपुरात आलेला पोरगा आणि रोज सकाळी त्याला हाक मारणारा चहावाला, ही कथा तुम्हालाही सुचली ना? लिहाच. कथास्पर्धेच्या गठ्ठ्यात या आठवड्यात तशा सातच निघाल्या, आठवीची जागा रिकामी आहे.

पोराला गडचिरोलीहून आणा, गणेशपेठच्या स्टँडवर उतरवा आणि डोळ्यांत स्वप्नं भरा. बाकी सामान लागत नाही.

ठेला मेडिकल चौकात लावा, भाषा मात्र सदाशिव पेठेतली ठेवा: ‘सुप्रभात बाळा, आज कसं वाटतंय?’ खरा माणूस ‘का भाऊ, दिसले नाई दोन दिवस?’ म्हणाला असता, पण त्यात साहित्य कुठलं?

चहावाल्याला कोमट दुधात कच्चं आलं किसायला लावा. वाफेचं वर्णन छान जमतं. दूध फाटेल, फाटू द्या. ठेल्यावर पाणी, आलं, साखर, पत्ती आधी खळखळून उकळतात आणि मग दूध पडतं, कारण कच्च्या आल्यातलं एन्झाइम दूध फाडतं आणि उकळीत ते निकामी होतं. लिटरभर दूध, लिटरभर पाणी, त्यात 70 मिलीचे पंचवीसेक कट निघतात. ते संपेपर्यंत माणसाला मान वर करायला फुरसत नसते. तुमचा चहावाला तेवढ्यात पोराशेजारी बसून आयुष्यावर बोलतो. सकाळी 7 वाजता! समोर आठ गिऱ्हाइकं, गंज उतू चाललेला, पोह्यावर तर्री वाढवून मागणारे वेगळे, सुटे कोणाकडेच नाहीत, आणि हा बोलतोय!

हाक पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच ठेवा. म्हणजे कथा कुठेच जाणार नाही, आणि लिहायलाही सोपं.

शेवटच्या पानावर ठेलेवाला मारा. जीव होत नसेल तर अतिक्रमण पथक बोलवा.

अरे, पण मारता कशाला त्याला? कथा त्या हाकेत आहे, ती बदलते कशी ते पाहा ना. पहिल्या दिवशी तो फक्त ‘किती?’ विचारतो. आठवड्यानं ‘कमी साखर ना?’ पंधरवड्यानं पोरगा रस्ता ओलांडत असतानाच कट भरून ठेवतो, काहीच बोलत नाही. महिनाअखेरीस पोराचा हात खिशात घुटमळतो, तेव्हा नजर गंजावरच ठेवून ‘लिहून ठेवतो’ म्हणतो. पोरगा दिवाळीला गावी जाऊन परततो, तेव्हा ‘घरचे बरे?’ त्या सकाळी शहरात त्याची गैरहजेरी मोजणारा तो एकटाच असतो. हे सगळं सोडून तुम्हाला अंत्ययात्रा सुचते?

सातही कथांत त्याला नाव नाही. नुसता ‘काका’. तोही भंडाऱ्याहून नाहीतर बालाघाटहून कधीतरी असाच उतरलेला असेल, हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही. उद्या सकाळी 6 ला ठेल्यावर जा, एक कट मागा, तो काय बोलतो ते ऐका. तोवर माझ्याकडे कागद पाठवू नका.